जेवणाच्या छायाचित्रांतील चमचा

गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं आमच्या शेजारच्या आक्का एक जुनें छायाचित्र पदराखालीं झांकून माझ्याकडे घेऊन आल्या. आक्कांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें आहे. त्यांचे वडील लष्करांत होते, आणि १९५० नंतरच्या कोरियाच्या युद्धाच्या सुमारास ते परदेशीं जाऊन आले, एवढें घरांत सर्वांना ठाऊक होतें. ते थोरातसाहेबांच्या फौजेंत होते, असेंहि घरांत सांगत. परंतु वडील स्वतः त्याविषयीं कधीं फारसें बोलले नाहींत, आणि लवकरच वारले. आतां आक्कांचे बंधू घराण्याची एक लहानशी पुस्तिका छापीत आहेत. तींत हें छायाचित्र घालून खालीं ‘जपान येथें सुट्टींत भोजन करतांना’ असें लिहिण्याचा त्यांचा बेत होता.

“गुरुजी,” आक्का म्हणाल्या, “तुम्ही इतकीं वर्षें मुलांना इतिहास शिकवलात. हें जपानच आहे काय, तेवढें सांगा. आमच्या आबांच्या नांवावर कांहीं भलतेंच छापलें जाऊं नये.”

छायाचित्राच्या पाठीवर कांहींच लिहिलेलें नव्हतें. पुढच्या बाजूस काय होतें तें सांगतों. खाकी सदरा घातलेले आबा जमिनीवर मांडी घालून बसलेले. त्यांच्यापुढें गुडघ्याएवढें उंच, आठ कोनांचें एक लहान मेज. आपल्या चौरंगाची आठवण व्हावी असें, पण त्याहून उंच व नाजूक. पलीकडे दुसऱ्या मोठ्या मेजाभोंवतीं कोणीतरी मंडळी बसलेली, पण त्यांचे चेहरे काळोखांत बुडालेले. एका मुलाच्या अंगांत मोठ्या माणसाचा लष्करी कोट. म्हणजे कपड्यांवरून कांहीं ठरविण्याची सोय नव्हती. भिंतीवर पाटी नाहीं, अक्षर नाहीं. स्वच्छ दिसत होतें तें केवळ आबांच्या पुढचें मेज आणि त्यावरील भांडीं.

भिंगांतून पाहतां आबांच्या डाव्या हाताच्या बाजूस झांकणाचा एक वाडगा, उजवीकडे उघडा वाडगा, पलीकडे पांच-सहा अगदीं लहान बशा, आणि उजव्या कडेस दोन बारीक काड्या व त्यांच्या शेजारीं लांब दांड्याचा एक चमचा दिसला. मेजावर एवढेंच होतें. पण तें पुरेसें होतें.

काड्या दिसल्या कीं आपल्याकडील माणूस तत्काळ ‘जपान’ किंवा ‘चीन’ म्हणतो. त्यांत नवल नाहीं. परंतु काड्यांनीं जेवणारीं राष्ट्रें प्रामुख्यानें चार आहेत: चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाम. शिवाय सयामांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, चिनी पद्धतीच्या शेवयांच्या वाडग्याबरोबर काड्या येतात, तरी तेथील भाताचें रोजचें जेवण उजव्या हातांत चमचा व डाव्या हातांत कांटा घेऊन होतें. तेव्हां नुसती काडी पाहून देश सांगणें म्हणजे नुसतें पागोटें पाहून गांव सांगण्यासारखें आहे. पागोटें कसें बांधलें आहे तें पाहिलें पाहिजे.

चिनी काडी साधारणतः २५ सेंटिमीटर लांब असते. वरचा भाग बहुधा चौकोनी, खालचा गोल, आणि टोंक बोथट. चिनी कुटुंबांत पदार्थ मेजाच्या मध्यभागीं सर्वांसाठीं मांडलेले असतात व प्रत्येकजण हात पुढें करून तेथून घांस उचलतो. म्हणून काडी लांब लागते. जपानी काडी तिच्याहून दोन-तीन सेंटिमीटरांनीं आंखूड, आणि टोंकाकडे चांगलीच निमुळती. तेथें ज्याचें वाढप त्याच्यापुढें वेगळें असतें, त्यामुळें हात लांब करावा लागत नाहीं. आणि कांट्यांचा मासा पुष्कळ खाल्ला जात असल्यानें कांटे निवडण्यास अणकुचीदार टोंक सोयीचें पडतें. व्हिएतनामी काडी चिनीप्रमाणेंच लांब, बहुधा बांबूची किंवा लांकडाची; आणि मधोमध माशांच्या खारवलेल्या पाण्याची एक सामाईक वाटी. कोरियांतील काडी मात्र धातूची असते. ती बारीक, आणि पुष्कळदां चपटी.

हें ऐकून काम सोपें वाटेल. तसें तें नाहीं. छायाचित्रांत जवळची वस्तु मोठी दिसते व दूरची लहान, म्हणून लांबी डोळ्यांनीं ठरवूं गेल्यास हमखास फसगत होते. मी स्वतः पहिल्या रात्रीं फसलों. काड्या मला लांब वाटल्या आणि मी मनांतल्या मनांत ‘चीन’ म्हणून मोकळा झालों. दुसऱ्या दिवशीं उजेडांत शेजारच्या वाडग्याच्या तोंडाशीं काडी ताडून पाहिली, तेव्हां ती वाडग्याच्या दुपटीहून थोडीच अधिक भरली. भाताचा वाडगा अकरा-बारा सेंटिमीटर रुंद धरिला, तर काडी पंचवीसाच्या आंतच राहते. यावरून चीन अगदीं बाद होत नाहीं, पण त्याची बाजू लंगडी पडते. लांबीच्या पुराव्यावर याहून अधिक भार टाकूं नये.

काडीच्या लांबीपेक्षां ती कशी ठेविली आहे, हें अधिक बोलकें आहे. जपानी मांडणींत काड्या जेवणाऱ्याच्या पोटाशीं समांतर, म्हणजे आडव्या, ठेवितात आणि त्यांचीं टोंकें डावीकडे असतात. चीन व कोरिया येथें त्या उजव्या बाजूस उभ्या, म्हणजे टोंकें समोर करून ठेवितात. यांत मौज अशी कीं चीनमध्यें पूर्वीं असें नव्हतें. तांग घराण्याच्या काळांतील, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकांमधील, भित्तिचित्रांत मेजवानीच्या काड्या आडव्या ठेविलेल्या दिसतात. जपाननें चीनपासून पुष्कळ रीतिभाती उचलल्या त्या त्याच सुमारास. पुढें चीनमध्यें चाल बदलली आणि जपानांत जुनी तशीच राहिली. मुलगी सासरीं जातांना माहेरची एखादी रीत घेऊन जाते, पुढें माहेरचे लोक ती विसरतात आणि सासरीं ती चालूच राहते, तशांतलाच हा प्रकार. आबांच्या मेजावरील काड्या उभ्या होत्या. येथें जपानाचा पक्ष पहिल्यानें डळमळला.

परंतु खरा निकाल दिला तो चमच्यानें. म्हणूनच मी या भाषणाला त्याचें नांव दिलें आहे.

आपण समजतों कीं काडी हें पूर्वेकडचें मूळ साधन आणि चमचा हा पाश्चात्त्यांकडून आलेला पाहुणा. वस्तुस्थिति तशी नाहीं. प्राचीन चीनमध्यें धान्य खावयाचें तें चमच्यानें, आणि काडी होती ती रश्श्यांतील भाजी किंवा मांसाचा तुकडा उचलण्यासाठीं. उत्तर चीनचें मुख्य धान्य त्या काळीं राळ्यासारखें बारीक होतें. त्याचा शिजलेला दाणा मोकळा राहतो, आणि मोकळा दाणा काडीनें उचलूं म्हटल्यास अर्धा खालीं सांडतो. पुढें गव्हाच्या शेवया आणि चिकट भात यांचा प्रसार झाला, तेव्हां काडी एकटीच सगळें काम करूं लागली व चमच्याकडे केवळ सार पिण्याचें काम उरलें, असें या विषयाचे अभ्यासक मानतात. आजचा चिनी चमचा पाहा: चिनी मातीचा, आंखूड दांड्याचा, सपाट बुडाचा, खोलगट. तो सार पिण्यासाठींच घडविलेला आहे. त्यानें भात खाऊं म्हटलें तर ओठांना अडचण होते.

कोरियांत चमच्याचें पद कमी झालें नाहीं. तेथें भात आणि सार दोन्ही चमच्यानें खातात व काडी तोंडीलावण्यांसाठीं राखतात. चमचा आणि काड्या मिळून त्यांच्याकडे एकच जोडी समजतात व तिला ‘सुजो’ असें एकच नांव आहे. या जोडीचें वयहि थोडें नाहीं. बेक्जे राज्याचा राजा मुर्योंग ५२३ सालीं मरण पावला. त्याची थडग्याची जागा गोंगजू येथें १९७१ सालीं अकस्मात् उघडकीस आली, तेव्हां आंत काशाचे चमचे व काड्या सांपडल्या. म्हणजे ही जोडी जवळजवळ पंधराशें वर्षें मोडलेली नाहीं.

जपानच्या नित्याच्या मांडणींत मात्र चमचाच नसतो. तेथें वाडगा हातांत उचलून ओठाला लावितात व सार पितात. त्यासाठीं साराचा वाडगा लाखेचा मुलामा दिलेल्या लांकडाचा असतो. आंतील सार उकळतें असलें तरी हात भाजत नाहीं. कोरियन भांडें धातूचें. तें तापतें, उचलणें कठीण, आणि उचलणें तेथें शिष्टाचाराचेंहि समजत नाहींत. वाडगा मेजावर राहिला कीं तोंडापर्यंतचें अंतर चमच्यानें तोडावें लागतें. म्हणून त्याचा दांडा लांब, सरळ आणि पाळें उथळ. श्रोत्यांनीं हें एक सूत्र ध्यानांत ठेवावें: वाडगा वर जातो तेथें चमच्याची गरज पडत नाहीं, आणि वाडगा खालीं राहतो तेथें चमचा लांब होतो. भांडें कशाचें, तें उचलतात कीं नाहीं आणि चमचा कसा, या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यामुळें छायाचित्रांत एक अंधुक असली तरी दुसरीवरून तिचा अंदाज करितां येतो.

माझी मुलगी पुण्यास राहते. तिच्या इमारतींत एक कोरियन कुटुंब आहे. चाकण-रांजणगांवच्या कारखान्यांमुळें असे पुष्कळ लोक आतां पुण्यास आहेत. त्यांच्याकडे एकदां जेवण्याचा योग आला असतां मीं अज्ञानानें भाताचा वाडगा हातांत उचलला. घरच्या आजीबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांच्या नातवानें लगेच माझ्याकडे टक लावून पाहिलें. त्या दिवसापासून हा धडा मला पाठ आहे.

आबांच्या मेजावरील चमचा लांब दांड्याचा आणि उथळ होता. आतां भांडीं धातूचीं कीं चिनी मातीचीं, हें पाहणें आलें. काळ्यापांढऱ्या छायाचित्रांत रंग मदतीस येत नाहीं, चकाकी येते. चिनी मातीच्या भांड्यावर उजेडाचा एक पांढरा ठिपका पडतो व बाकीचा भाग सौम्य राहतो. घासलेल्या धातूच्या भांड्यांत मात्र शेजारच्या वस्तूंचीं वांकडीतिकडीं प्रतिबिंबें उमटतात. झांकणाच्या वाडग्यावर शेजारच्या बशीची लांबट झालेली आकृति मला भिंगांतून स्पष्ट दिसली. शिवाय त्या वाडग्याच्या बाजू सरळ उभ्या होत्या. पुरुषाच्या भाताचा झांकणाचा वाडगा कोरियांत असाच असतो.

हा धातु कोणता? कोरियांतील उत्तम भांडीं ७८ भाग तांबें व २२ भाग कथील यांच्या मिश्रणाचीं ठोकून करितात. आपल्या घरांतलें कांसें तें हेंच. आजकाल कोरियाच्या छायाचित्रांत बहुतेक स्टेनलेस पोलादाचीं भांडीं दिसतात. पण त्यांचा प्रसार १९६० नंतरचा. घरोघर कोळशाच्या वड्या जळूं लागल्या, त्यांच्या धुरानें कांसें काळें पडूं लागलें, आणि घासून घासून कंटाळलेल्या बायकांनीं पोलाद जवळ केलें. पुढें तांदळाची बचत व्हावी म्हणून सोल शहराच्या प्रशासनानें १९७६ सालीं उपाहारगृहांतील भाताच्या पोलादी वाडग्याचें मापहि ठरवून दिलें: व्यास १०.५ सेंटिमीटर व उंची ६ सेंटिमीटर. तेव्हां एकसारख्या लहान पोलादी वाडग्यांची रांग दिसली कीं तें चित्र बहुधा त्यानंतरच्या काळांतलें. आबांच्या मेजावरचा वाडगा त्याहून मोठा व जुन्या घाटाचा होता.

येथें एका धोक्याची सूचना देतों. जुन्या काळीं कांचेवरील प्रतिमेवरून छाप घेतांना ती उलटी ठेविली गेली, तर सगळें चित्र आरशांतल्याप्रमाणें फिरतें, आणि मग डावेंउजवें यांवर उभारलेलें आपलें सर्व अनुमान कोसळतें. चित्र उलटें आहे काय, तें अगोदर पाहावें. जपानी माणूस किमोनो घालतो तो डावा पदर उजव्यावर घेऊन. प्रेताला मात्र उलट नेसवितात. तेव्हां छायाचित्रांतील हंसतीं-खेळतीं माणसें उजवा पदर वर घेऊन बसलेलीं दिसलीं, तर चित्र उलटें छापलें आहे असें समजावें. आबांच्या चित्रांत किमोनो नव्हता, पण आबांचा सदरा होता. पुरुषाच्या सदऱ्याची डावी पट्टी उजवीवर येते. ती तशीच होती, म्हणजे चित्र सुलटें होतें.

इतकें झाल्यावर मेज कोरियन आहे याविषयीं माझ्या मनांत संशय उरला नाहीं. आक्कांना मीं तसें सांगितलेंहि. परंतु त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली आणि झोंप उडाली. भांडीं माणसें कोणतीं तें सांगतात, भूमि कोणती तें सांगत नाहींत. १९१० ते १९४५ पर्यंत कोरियावर जपानचें राज्य होतें, आणि त्या काळांत लक्षावधि कोरियन लोक जपानांत गेले. युद्धानंतरहि ओसाकासारख्या शहरांत त्यांच्या वस्त्या राहिल्या. आबा सुट्टींत जपानला गेले आणि तेथें एखाद्या कोरियन घरीं जेवले, असें कां नसेल? तसें असेल तर आक्कांचे बंधू बरोबर आणि मी चूक.

सकाळीं पुन्हा भिंग घेतलें आणि या वेळीं मेज सोडून जमीन पाहिली. जपानी घराची जमीन तातामी नांवाच्या जाड चटयांची असते. प्रत्येक चटई माणसाच्या उंचीएवढी, आणि तिच्या लांब कडांना कापडाची गडद पट्टी. छायाचित्रांत ती पट्टी सरळ रेघेसारखी उठून दिसते. आबांच्या मांडीखालीं अशी रेघ कोठेंच नव्हती. तेथें तेल पाजलेल्या कागदाची गुळगुळीत जमीन होती, आणि मेजाच्या पायांची अंधुक छाया तींत उतरली होती. कोरियन घरांत चुलीचा धूर जमिनीखालून नेऊन फरशी उबवितात आणि वर असा कागद चिकटवितात. अशी जमीन घर बांधतांनाच करावी लागते. परमुलुखांतील भाड्याच्या खोलींत ती सहसा असत नाहीं. उलट कोरियांत जपान्यांनीं बांधलेल्या घरांतून तातामी राहिलेली असूं शकते. म्हणून तातामी दिसल्यानें जपान सिद्ध होत नाहीं. पण या जमिनीनें कोरिया मात्र बहुतांशीं सिद्ध होतो.

आतां इतिहासाकडे वळतों. जनरल थोरात यांच्या हाताखालील भारतीय संरक्षक दल कोरियांत गेलें तें जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर, त्या वर्षाच्या सप्टेंबरांत. मायदेशीं परत जाण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळण्याचें काम त्याच्याकडे होतें. परंतु दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनीं भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवूं देण्याचें नाकारलें. म्हणून इंचॉन बंदरांतील जहाजांवरूनच आपल्या शिपायांना हेलिकॉप्टरांत बसवून परस्पर निर्लष्करी पट्ट्यांत उतरविण्यांत आलें. अशा स्थितींत त्या दलांतील शिपायी एखाद्या कोरियन गृहस्थाच्या घरीं निवांत जेवावयास बसला असेल, हें संभवनीय दिसत नाहीं.

पण भारताचें आणखी एक पथक त्या देशांत होतें, आणि तें फार आधीं गेलें होतें. साठावें पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हें तें वैद्यकीय पथक. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालीं तें नोव्हेंबर १९५० मध्यें कोरियांत उतरलें. त्याचा एक भाग आघाडीवर राहिला आणि दुसरा डेगू शहरांत, जेथें जखमी सैनिकांप्रमाणेंच साध्या नागरिकांचीहि शुश्रूषा होत असे. आणि १९५३ सालीं संरक्षक दल आलें, तेव्हां हें पथक त्याला जोडून देण्यांत आलें.

आक्कांना हें सांगितलें तेव्हां त्या कांहीं वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आबा कोणाला भाजलें-कापलें तर स्वतः पट्टी बांधीत. डॉक्टरकडे जाऊं देत नसत. आम्हीं मुलें म्हणत असूं, हे कोठें शिकले?”

मीं त्यांना स्पष्ट सांगितलें कीं हा तर्क आहे, दाखला नव्हे. दाखला लष्कराच्या दप्तरांतूनच मिळेल. त्यांनीं नातवाकडून तसा अर्ज लिहविला आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

जातां जातां आक्कांनीं विचारलें, “बाकीचीं सगळीं एका मेजावर, आणि आबा एकटेच वेगळ्या मेजावर कां? परका म्हणून दूर बसविलें काय?” हा प्रश्न त्या पहिल्या दिवसापासून मनांत धरून होत्या, असें मला वाटतें. आपल्याकडे वेगळें पान वाढण्याला काय अर्थ होता तें आपण जाणतोंच. कोरियन रिवाजांत मात्र तें नेमकें उलट आहे. घरांतील वडील माणसाला किंवा सन्मान्य पाहुण्याला स्वतंत्र मेज मांडावयाचें, आणि बायकामुलांनीं एकत्र बसावयाचें, अशी तेथील जुनी चाल आहे. आबांच्या पुढचें तें आठ कोनांचें मेज घरांतलें चांगलें मेज होतें, आणि झांकणाचा वाडगाहि बहुधा घरधन्याचाच.

आक्कांनीं तेथेंच पेन्सिल मागून घेतली आणि छायाचित्राच्या पाठीवर सावकाश लिहिलें: ‘कोरिया. एका घरीं पाहुणे म्हणून. साल ठाऊक नाहीं.’